मुदत उलटली, उत्तर नाही: प्रभागातील तक्रार आपोआप वरिष्ठांकडे पाठवण्याबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान झोन कार्यालयात तक्रारींची नोंद ठेवणाऱ्यांसाठी, त्यांची प्रणाली बांधणाऱ्यांसाठी आणि पाठपुरावा करणाऱ्या नागरिकांसाठी आहे. उदाहरणे सोलापूरची आहेत. मुदतीचे दिवस फक्त हिशोब समजावा म्हणून धरले आहेत, प्रत्यक्षात आपल्या कार्यालयाच्या नागरिकांच्या सनदेत जे दिवस दिले असतील तेच घालावेत.

तक्रार ‘आपोआप वर जाते’ म्हणजे नेमके काय होते?

तक्रार नोंदताना तिच्यावर तीन गोष्टी लागतात: विषय, झोन आणि उत्तराची अखेरची वेळ. ती वेळ उलटली आणि संबंधित कर्मचाऱ्याने काहीच कृती नोंदवली नसेल, तर तीच तक्रार त्याच क्रमांकाने पुढच्या पायरीवरच्या अधिकाऱ्याच्या यादीत दिसू लागते. कोणी अर्ज करायचा नाही, कोणी आठवण करून द्यायची नाही. साधारण पायऱ्या अशा असतात: झोनचा कनिष्ठ अभियंता किंवा आरोग्य निरीक्षक, मग झोन अधिकारी, मग विभागप्रमुख, शेवटी उपायुक्त.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करावी. तक्रार वर गेली म्हणजे खालच्याच्या यादीतून उतरली, असे होता कामा नये. वरच्या पायरीवर माणूस वाढतो, खालचा कमी होत नाही. खालच्या यादीतून तक्रार गेली की तीन दिवस गप्प बसणे हाच काम टाळण्याचा सर्वात सोपा मार्ग ठरतो, आणि झोन अधिकाऱ्यांच्या टेबलावर दिव्याच्या खांबांचा ढीग साचतो.

‘उत्तर दिले’ असे केव्हा धरायचे?

सगळी यंत्रणा या एका व्याख्येवर उभी आहे, म्हणून इथे घाई करू नये. तक्रार उघडून पाहिली, हे उत्तर नव्हे. ‘नोंद घेतली’, ‘संबंधितांना कळवले’, ‘कार्यवाही सुरू आहे’ हीसुद्धा उत्तरे नव्हेत. ही तीन वाक्ये बटणावर ठेवली, तर आठवडाभरात निम्म्या तक्रारींचे घड्याळ त्या बटणानेच थांबलेले दिसेल.

उत्तर म्हणजे तीन रकाने भरलेली नोंद: काय करणार, कोण करणार आणि कोणत्या तारखेला. उदाहरणार्थ, ‘खांबावरची फिटिंग बदलणे, लाइनमन, ३० जानेवारी दुपार’. यातला एकही रकाना रिकामा असेल तर नोंद जतनच होऊ नये. तारीखही आजपासून अमुक दिवसांच्या आतलीच घेता आली पाहिजे, नाहीतर कोणीतरी पुढच्या वर्षाची तारीख घालून मोकळा होतो.

अशी नोंद झाली की पहिले घड्याळ थांबते आणि त्याच क्षणी दुसरे, काम पूर्ण होण्याचे, सुरू होते. ही दोन घड्याळे वेगळी ठेवावीत. एकच ठेवले तर ‘३० तारखेला करतो’ असे लिहिणारा आणि खरोखर ३० तारखेला करणारा प्रणालीला सारखेच दिसतात.

दिवस कसे मोजायचे? एक उदाहरण मांडून दाखवा.

जुळे सोलापुरातल्या एका गल्लीत रस्त्यावरचा दिवा बंद आहे. तक्रार गुरुवारी, २२ जानेवारी २०२६ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी नोंदली. उत्तराची मुदत ३ कामाचे दिवस. कार्यालय ६ वाजता सुटते आणि दुसरा व चौथा शनिवार सुट्टी, असे धरू.

कार्यालय सुटल्यावर आलेली तक्रार पुढच्या कामाच्या दिवशी आली असे धरतात. म्हणून पहिला दिवस शुक्रवार २३. शनिवार २४ हा चौथा शनिवार. २५ ला रविवार. सोमवारी २६ ला प्रजासत्ताक दिन. दुसरा दिवस मंगळवार २७, तिसरा बुधवार २८. म्हणजे बुधवारी २८ तारखेला संध्याकाळी ६ पर्यंत उत्तर यायला हवे. नाही आले, तर गुरुवारी २९ ला सकाळी साडेनऊला तक्रार झोन अधिकाऱ्यांकडे जाते. त्यांची मुदत २ कामाचे दिवस, म्हणजे गुरुवार आणि शुक्रवार. शनिवार ३१ हा महिन्याचा पाचवा शनिवार असल्याने कार्यालय चालू आहे. तोवरही काही नोंद नसेल तर त्या सकाळी ती विभागप्रमुखांकडे पोचते.

आता हाच हिशोब सरसकट कॅलेंडरच्या दिवसांनी करून पाहा. मुदत रविवारी २५ ला संपते, सोमवारी सकाळी ध्वजवंदनाच्या वेळी तक्रार झोन अधिकाऱ्यांकडे जाते आणि बुधवारी २८ ला सकाळी विभागप्रमुखांकडे. तोवर कनिष्ठ अभियंत्याला मिळाले शुक्रवार आणि मंगळवार, झोन अधिकाऱ्यांना फक्त मंगळवार. असे दोन-तीनदा झाले की वरचे अधिकारी या संदेशांकडे बघणेच सोडून देतात. लोकांचा विश्वास उशिराने जातो तसा अधिकाऱ्यांचा विश्वास चुकीच्या घाईने जातो, आणि तो परत मिळवणे जास्त कठीण असते.

म्हणून सुट्ट्यांचा तक्ता वेगळा हवा. तो दर डिसेंबरात पुढच्या वर्षासाठी भरावा आणि आयत्या वेळी जाहीर होणारी स्थानिक सुट्टी त्यात घालण्याचा अधिकार एका ठरलेल्या पदाला द्यावा. सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत मंदिर आणि होम मैदान परिसरात बरेच कर्मचारी बंदोबस्ताच्या कामावर असतात, पण बंदोबस्त म्हणजे सुट्टी नव्हे. तेवढ्यासाठी घड्याळ थांबवायचे नाही. कमी पडणाऱ्या माणसांच्या जागी कोण उत्तर देणार, हे आधी ठरवायचे.

सगळ्याच तक्रारींना कामाचे दिवस लावायचे का?

नाही. उघडे चेंबर, खांबात उतरलेला करंट, घरात शिरलेले ड्रेनेजचे पाणी आणि नळाला येणारे घाण पाणी यांना तास लावावेत. त्यात रात्र, रविवार, सुट्टी काहीच वजा होत नाही. अशा विषयांची यादी छोटी ठेवावी, सहा-सातच्या पुढे जाऊ देऊ नये. सगळेच तातडीचे झाले की तातडीचे काहीच उरत नाही.

पाणीपुरवठ्याच्या तक्रारी ‘निकाली’ दाखवल्या जातात आणि परत येतात. असे का होते?

कारण सोलापुरात पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड पाळीने येते. घड्याळ मात्र रोज चालते. या दोन्हींचा मेळ घातला नाही तर अख्खी यंत्रणा खोटे आकडे दाखवते.

समजा साखर पेठेतल्या एका घरात आज पाणी आले आणि सुरुवातीला गढूळ, वासाचे होते. घरच्यांनी संध्याकाळी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी आवेक्षक आला, तर नळ कोरडा. चावी फिरवून दाखवायलाही पाणी नाही. तो ‘पाहणी केली, दोष आढळला नाही’ असे लिहितो. त्याने खोटे लिहिलेले नसते, त्याला दिसले तेच लिहिलेले असते. तक्रार बंद होते. पुढच्या पाळीला पुन्हा तेच पाणी येते, आणि नवी तक्रार नव्या क्रमांकाने, शून्य दिवसांपासून सुरू होते. सहा पाळ्या असेच चालू शकते आणि कागदावर एकही तक्रार वर गेलेली नसते.

यामागचे कारण समजून घ्यावे. पाणी बंद असताना वाहिनी रिकामी असते आणि आत दाब नसतो. जोड सैल असेल किंवा घरगुती जोडणीची नळी गटारातून नेलेली असेल, तर बाहेरचे घाण पाणी त्या फटीतून आत झिरपते. पुढच्या पाळीला चावी सोडली की हे साठलेले पाणी आधी घरात येते, आणि दाब चढला की हळूहळू स्वच्छ होते. म्हणून दोष सापडण्याची वेळ म्हणजे पाणी सुटल्यानंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटे. तासाभराने घेतलेला नमुना बऱ्याचदा चांगलाच निघतो. नळाशी उर्वरित क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी मिळाला तर बाहेरचे काही आत येत असल्याचा संशय पक्का धरून गल्लीतली जोडणी तपासावी.

त्यामुळे अशा तक्रारीला दोन मुदती द्याव्यात. पहिली तासांची: ४ तासांत शेजारच्या घरांना पाणी न पिण्याची सूचना आणि पर्यायी पाण्याची सोय. दुसरी पाळीची: नोंदीनंतरच्या पहिल्या पाळीला, पाणी सुटतानाच पाहणी. ही मुदत तारखेने न लिहिता झोनच्या पाळीच्या तक्त्याशी जोडावी. वीज गेली, पंप बंद पडला आणि पाळी एक दिवस पुढे गेली, तर चावी सोडणाऱ्याने केलेल्या नोंदीवरून मुदतही एक दिवस पुढे सरकते. मात्र याला वरची मर्यादा हवी. पाळी ठरलेल्या दिवसापेक्षा २ दिवसांहून जास्त लांबली तर तक्रार तशीच वर जावी, कारण मग प्रश्न एका नळाचा राहिलेला नसतो.

आणि बंद करण्याचा नियम: पाणी येऊन गेल्याशिवाय, म्हणजे दुरुस्तीनंतरची एक पाळी उलटल्याशिवाय, पाण्याची तक्रार बंद होऊ शकत नाही. ‘काम झाले का?’ हा संदेश नागरिकाला त्या पाळीनंतर जावा. दुरुस्तीच्या दिवशी विचारले तर तो काय उत्तर देणार?

तक्रार चुकीच्या विभागाकडे गेली तर घड्याळ पुन्हा सुरू करायचे का?

करू नये. दिवाबत्तीची तक्रार ड्रेनेजकडे गेली, ही नागरिकाची चूक नव्हे. तक्रार दुसऱ्या विभागाकडे वर्ग केली तरी मूळ वेळच कायम राहावी. नव्या विभागाला किमान १ कामाचा दिवस मिळेल एवढीच सवलत द्यावी, तीही एकदाच. दुसऱ्यांदा वर्ग झाली की ती कोणाची हे झोन अधिकाऱ्यांनी ठरवायचे. नाहीतर रस्ता खोदला ड्रेनेजने, बुजवायचा सार्वजनिक बांधकामने, अशी तक्रार महिनाभर दोन विभागांत टोलवली जाते आणि प्रत्येक वेळी तिचे वय शून्य दिसते. हे चालू आहे की नाही ओळखण्याची खूण सोपी आहे: दोनपेक्षा जास्त वेळा वर्ग झालेल्या पण एकदाही वर न गेलेल्या तक्रारींची यादी काढा. ती रिकामी असली पाहिजे.

पद रिक्त असेल किंवा एकाच माणसाकडे दोन पदांचा कार्यभार असेल तर?

तक्रार नावावर नव्हे, पदावर पाठवावी. पदापुढे सध्या कोण आणि कोणत्या तारखेपासून, हा तक्ता वेगळा ठेवावा. बदलीच्या आदेशाची प्रत आली की आधी हा तक्ता बदलायचा. हे राहिले की संदेश बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या मोबाइलवर जात राहतात, आणि प्रणालीत सगळे ‘पाठवले’ असे हिरवे दिसते.

अतिरिक्त कार्यभाराची अडचण याहून फसवी आहे. कनिष्ठ अभियंत्याकडेच वरच्या पदाचा कार्यभार असेल, तर तक्रार वर जाते आणि त्याच माणसाच्या मोबाइलवर पुन्हा येते. म्हणून पाठवण्याआधी तपासावे: खालच्या आणि वरच्या पायरीवरची व्यक्ती एकच असेल, तर ती पायरी गाळून पुढच्या पायरीवर पाठवावे. रिक्त पदालाही हाच नियम.

हे आपोआप चालवणारे काम कसे लिहावे?

कामाच्या दिवसांच्या तक्रारींसाठी रोज सकाळी साडेनऊला एकदा, तासांच्या तक्रारींसाठी दर १५ मिनिटांनी. पायऱ्या शून्यापासून मोजल्या, म्हणजे उपायुक्तांची `level` ३, तर गाभा एवढाच:

```sql
INSERT INTO escalation (complaint_id, level, sent_at)
SELECT id, level + 1, now()
FROM complaint
WHERE first_action_at IS NULL
  AND status NOT IN ('merged', 'withdrawn')
  AND due_at < now()
  AND level < 3
ON CONFLICT (complaint_id, level) DO NOTHING;
```

`escalation` तक्त्यात `complaint_id` आणि `level` या जोडीवर `UNIQUE` बंधन असलेच पाहिजे. काम चुकून दोनदा चालले तरी एका पायरीवर तक्रार एकदाच जाते, ती या बंधनामुळे. याच व्यवहारात `complaint` मधली `level` आणि `due_at` बदलावी. संदेश पाठवणे मात्र या व्यवहाराबाहेर, वेगळ्या रांगेतून करावे. नाहीतर एसएमएस सेवा अडली की नोंदही अडते.

नवी `due_at` आधीच्या मुदतीपासून मोजायची नाही, तक्रार वर पाठवल्याच्या क्षणापासून मोजायची. सर्व्हर चार दिवस बंद राहिला आणि जुन्या मुदतीवरून मोजले, तर चालू झाल्यावर लागोपाठच्या फेऱ्यांत तक्रार उपायुक्तांपर्यंत पोचते आणि मधल्या अधिकाऱ्यांना उत्तर द्यायला पुरेसा वेळच मिळत नाही.

दुसरी नेहमीची चूक वेळेची. सर्व्हर बहुधा `UTC` वर असतो आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. शुक्रवारी पहाटे २ वाजता केलेली तक्रार तिथे गुरुवारी रात्री साडेआठची दिसते. तारीख काढताना हे लक्षात घ्यावे:

```sql
(created_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date
```

सकाळी साडेनऊचे कामही `UTC` वर ४ वाजता लावावे लागते: `0 4 * * *`.

काम बंद पडले हे कसे कळेल?

काही वर जात नाही, म्हणजे सगळे वेळेवर उत्तर देत आहेत, असा समज होतो आणि तोच धोका आहे. म्हणून प्रत्येक फेरीने ‘किती तपासल्या, किती वर गेल्या’ अशी एक ओळ लिहावी, शून्य असले तरी. सकाळी दहापर्यंत ती ओळ आली नाही तर संगणक विभागाला इशारा जावा. हा इशारा त्याच सर्व्हरवरून पाठवू नये.

पहिल्याच दिवशी शेकडो जुन्या तक्रारी वर जातील. मग?

त्या तशा जाऊ देऊ नयेत. सुरुवातीच्या दिवशी जुन्या प्रलंबित तक्रारींची स्वतंत्र यादी करून झोननिहाय वाटावी आणि त्यांना नवी मुदत द्यावी, एकदम न देता रोज पेलतील एवढ्या तक्रारींना टप्प्याटप्प्याने. मूळ नोंदीची तारीख मात्र पुसू नये, ती पडद्यावर दिसत राहावी.

एकाच चेंबरबद्दल वीस जणांनी तक्रार केली तर?

पहिली तक्रार मुख्य, बाकीच्या तिला जोडलेल्या. घड्याळ सर्वांत जुन्या तक्रारीचे चालते आणि संदेश विसाही जणांना जातो. जोडणी माणसाने करावी. फक्त पत्ता जुळला म्हणून आपोआप जोडू नये, कारण एकाच गल्लीत तुंबलेले चेंबर आणि फुटलेली जलवाहिनी दोन्ही असू शकतात.

अधिकाऱ्यांना संदेश कसा पाठवावा?

प्रत्येक तक्रारीला वेगळा संदेश नको. सकाळी एकच यादी पाठवावी, सर्वांत जुनी तक्रार वर. तासांच्या तक्रारी तेवढ्या त्या त्या वेळी स्वतंत्र पाठवाव्यात.

नागरिकाला जाणारा एसएमएस देवनागरीत असेल तर एका संदेशात ७० अक्षरे मावतात, इंग्रजीत १६०. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार प्रत्येकी एक अक्षर धरले जाते. ‘तक्रार क्र. ४१२७ झोन अधिकाऱ्यांकडे पाठवली. उत्तराची मुदत ३० जाने.’ हा मजकूर ६५ अक्षरांत बसतो. संदेशाचा साचा दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार डीएलटी या नोंदणी मंचावर आधी नोंदवावा लागतो. पाठवलेला मजकूर साच्याशी जुळला नाही, अगदी एखादे विरामचिन्ह इकडचे तिकडे झाले, तरी संदेश वाटेतच अडू शकतो. म्हणून ‘पाठवला’ नव्हे, तर ‘पोचला’ हा अहवाल तपासावा.

लोकसेवा हक्क कायद्यातले अपील आणि हे एकच का?

नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अधिसूचित सेवांना लागू होतो, म्हणजे दाखले, परवाने, नोंदी यांसारख्या. तिथे अपील अर्जदाराने स्वतः करायचे असते आणि कसूर सिद्ध झाली तर ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. इथे आपण बोलतो आहोत ती कार्यालयाची अंतर्गत व्यवस्था आहे, तिच्यात शास्ती नाही. आपला विषय अधिसूचित सेवेत बसत असेल तर तक्रार वर जाण्याची वाट पाहत अपिलाची मुदत घालवू नका.

माझी तक्रार खरोखर वर गेली का, हे मी कसे तपासू?

तक्रार क्रमांकावर तीन गोष्टी दिसायला हव्यात: सध्या कोणत्या पदाकडे आहे, तिथे केव्हा गेली आणि त्यांची मुदत केव्हा संपते. एवढे दिसत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली जन माहिती अधिकाऱ्यांकडे १० रुपये शुल्कासह अर्ज करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. ‘माझ्या तक्रारीवर काय कारवाई केली?’ असे विचारले की ‘कार्यवाही सुरू आहे’ असे उत्तर येते. त्याऐवजी असे लिहा: ‘तक्रार क्रमांक अमुक ही नोंदल्यापासून आजपर्यंत कोणकोणत्या पदांकडे, कोणत्या दिनांकास व किती वाजता पाठवली गेली आणि प्रत्येक पदाने केलेली नोंद, यांची प्रत द्यावी.’